विमा कंपनीच्या पॅनेलवरून बाहेर पडताना : थकलेल्या क्लेमच्या हिशोबापासून शेवटच्या कॅशलेस रुग्णापर्यंत

जिल्ह्याच्या ठिकाणी आमचे २० खाटांचे शस्त्रक्रिया रुग्णालय आहे. काही काळापूर्वी आम्ही एका विमा कंपनीच्या कॅशलेस नेटवर्कमधून बाहेर पडलो. तिचे दर आम्हाला पूर्वीपासून कमीच वाटत होते, पण त्या दरांवर सही आम्हीच केली होती, त्यामुळे ती तक्रार नव्हती. तक्रार एवढीच होती, की करारात ३० दिवसांत मिळायचे पैसे तीन-तीन, चार-चार महिने येत नव्हते. त्या अनुभवातून लहान आणि मध्यम रुग्णालयांच्या उपयोगी पडेल असा क्रम येथे मांडला आहे. हा लेख खासगी आरोग्य विम्यापुरता आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसारख्या शासकीय योजनांचे करार वेगळे असतात आणि एखाद्या विमा कंपनीला सोडल्याने त्यांना धक्का लागत नाही.

पॅनेल सोडण्याची नोटीस एका पानाची असते आणि ती लिहायला अर्धा तास पुरतो. खरे काम त्याआधीच्या पाच-सहा आठवड्यांचे आहे, कारण थकबाकीचा आकडा समोरच्याकडून लेखी मान्य करून घेणे हे पॅनेलवर असतानाच सोपे असते. त्या काळात विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेचा, म्हणजे टीपीएचा, नेटवर्क अधिकारी फोन उचलतो, भेटीला येतो, पोर्टलचे लॉगिन चालू असते. बाहेर पडल्यावर या तिन्ही गोष्टी हळूहळू बंद होतात. रागाच्या भरात आधी नोटीस पाठवून मग हिशोब काढायला बसलेले सहकारी मी पाहिले आहेत, आणि त्यांची निम्मी शक्ती जुनी कागदपत्रे शोधण्यातच गेली.

उशीर कोणत्या दिवसापासून मोजायचा

पहिला गोंधळ इथेच होतो. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यावा लागतो. अनेक डॉक्टर पत्रव्यवहारात याच नियमाचा दाखला देतात, पण तो रुग्णाला मिळणाऱ्या मंजुरीबद्दल आहे. मंजूर झालेली रक्कम रुग्णालयाच्या खात्यात किती दिवसांत जमा व्हावी, हे आपण सही केलेल्या एमओयूवरून ठरते. म्हणून प्रथम मूळ करार काढावा आणि पैसे देण्याचे कलम शब्दशः वाचावे. बहुतेक करारांत मुदत ‘संपूर्ण कागदपत्रे मिळाल्यापासून’ सुरू होते. डिस्चार्जचा दिवस किंवा अंतिम मंजुरीचा दिवस ही तिची सुरुवात नसते.

या एका शब्दामुळे हिशोब बदलतो. आम्ही सहा महिन्यांतील त्या कंपनीचे सर्व ६४ क्लेम एका तक्त्यात घेतले आणि प्रत्येकासमोर डिस्चार्ज, अंतिम मंजुरी, फाइल कुरिअरने रवाना झाल्याचा दिवस, ती पोहोचल्याचा पुरावा, क्वेरी आल्याचा व तिला उत्तर दिल्याचा दिवस आणि पैसे जमा झाल्याचा दिवस अशा तारखा लिहिल्या. ‘सगळेच उशिरा येतात’ असे आम्ही सगळीकडे सांगत होतो. प्रत्यक्षात २३ क्लेम मुदतीत आले होते, आणि उरलेल्या ४१ पैकी १२ क्लेमचा उशीर आमच्याकडचा निघाला. कधी इम्प्लांटचे स्टिकर लावायचे राहिले होते, कधी फाइल बिलिंगच्या टेबलावर दोन आठवडे पडून होती. उरलेले २९ मात्र निर्विवादपणे त्यांच्याकडे अडकले होते. आमच्या पत्रात आम्ही २९ हाच आकडा घातला, आणि तो कोणी खोडू शकले नाही. ४१ लिहिले असते, तर त्या १२ क्लेमवर बोट ठेवून सगळे पत्रच बाजूला सारता आले असते.

क्वेरीची तारीख लिहिण्याला आणखी एक कारण आहे. प्रत्येक क्वेरीनंतर मुदत नव्याने सुरू झाली असे समजण्याची पद्धत आहे, आणि कधी कधी क्वेरी तुकड्यातुकड्यांनी येते: आज भूल दिल्याची नोंद मागतात, वीस दिवसांनी सोनोग्राफीचा अहवाल मागतात. दुसऱ्या वेळी मागितलेला कागद पहिल्याच फाइलमध्ये होता का, हे तपासावे. तो असेल, तर त्या क्लेमची मुदत पहिल्या पोचपावतीपासून धरावी आणि तसे तक्त्यात कारणासह लिहावे.

उशीर कोण करतो आहे

कॅशलेसमध्ये बहुधा तीन पक्ष असतात: रुग्णालय, टीपीए आणि विमा कंपनी. टीपीए फाइल तपासते, पैसे विमा कंपनीचे असतात. काही कंपन्या टीपीए न ठेवता स्वतःच्या विभागामार्फत काम करतात. आपण कोणाला सोडायचे, हे ठरवण्याआधी अडथळा नेमका कुठे आहे ते पाहावे, कारण एका टीपीएकडे अनेक विमा कंपन्या असतात आणि टीपीएचाच करार मोडला, तर वेळेवर पैसे देणाऱ्या कंपन्याही त्याबरोबर हातच्या जातात.

ओळखण्याची रीत साधी आहे. त्याच टीपीएकडील दुसऱ्या कंपन्यांचे क्लेम वेळेवर येत असतील, तर दोष बहुतेक कंपनीचा. सगळ्याच कंपन्यांचे रखडत असतील, तर टीपीएचा. पोर्टलवरची स्थितीही बोलकी असते: तपासणी पूर्ण होऊन ‘पेमेंटच्या प्रतीक्षेत’ असे आठवडेच्या आठवडे दिसत असेल, तर टीपीएने आपले काम केलेले असते. आमच्या बाबतीत असेच होते, म्हणून आम्ही टीपीए कायम ठेवून त्या एकाच कंपनीपुरते बाहेर पडलो. सार्वजनिक क्षेत्रातील चार सर्वसाधारण विमा कंपन्यांच्या पीपीएन नेटवर्कबाबत हा विचार अधिक काळजीने करावा. तिथे दर आणि करार चारही कंपन्यांसाठी सामाईक असल्याने एकीवरचा राग चौघींवर निघण्याची शक्यता असते.

थकबाकीची जुळवणी

तक्ता तयार झाल्यावर आमची थकबाकी २६ क्लेमची आणि ११,८०,००० रुपयांची दिसत होती. ती तशीच्या तशी मागण्याआधी तीन ठिकाणी पडताळून पाहिली: बँकेचे खाते, टीपीएच्या पोर्टलवरील सेटलमेंट पत्रे आणि आयकर संकेतस्थळावर आपल्या पॅनवर दिसणाऱ्या टीडीएसच्या नोंदी. शेवटची पडताळणी फारसे कोणी करत नाही, पण ती फार उपयोगी आहे. रुग्णालयाला पैसे देताना १० टक्के टीडीएस कापला जातो. एखाद्या रकमेवर टीडीएस जमा झालेला दिसतो आणि खात्यात पैसे मात्र नाहीत, याचा अर्थ समोरच्याच्या वहीत ती रक्कम आपल्या नावे लागलेली आहे. मग ‘क्लेम अजून तपासणीत आहे’ हे उत्तर टिकत नाही.

या पडताळणीत तीन क्लेमचे १,१०,००० रुपये आधीच आलेले सापडले. एकाच यूटीआर क्रमांकावर अनेक क्लेम एकत्र जमा झाल्याने आमच्या लेखनिकाला ते लावता आले नव्हते. आणखी एका क्लेमचे ४५,००० रुपये पाठवून परत गेले होते, कारण आमच्या बँकेचे विलीनीकरण होऊन आयएफएससी बदलला होता आणि त्यांच्या नोंदीत जुनाच होता. खरी थकबाकी २३ क्लेम आणि १०,७०,००० रुपये एवढी उरली. तीत सात क्लेमच्या क्वेरींना आमचेच उत्तर बाकी होते, त्यांची रक्कम २,६०,०००. म्हणजे कोणत्याही सबबीशिवाय देय झालेले १६ क्लेम आणि ८,१०,००० रुपये. पुढच्या सगळ्या पत्रांत आम्ही हे दोन आकडे वेगवेगळे ठेवले.

उशीर आणि कपात या दोन तक्रारीही वेगळ्या ठेवाव्यात. पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा एक क्लेम उदाहरणादाखल पाहू. एकूण बिल ८०,००० रुपये. विम्यात न बसणाऱ्या वस्तूंचे ३,००० रुपये रुग्णाने दिले, उरले ७७,०००. करारातील १० टक्के सवलतीचे ७,७०० वजा जाऊन अंतिम मंजुरी ६९,३०० रुपयांची आली. तीवर टीडीएस ६,९३०, म्हणजे खात्यात ६२,३७० यायला हवेत. आले ५८,७७०. ही ३,६०० रुपयांची तफावत टीडीएसमधील चूक वाटते, पण उलट गणित केले की कळते, की अंतिम मंजुरीनंतर ४,००० रुपये ‘टॅरिफप्रमाणे’ म्हणून कमी करून ६५,३०० वरच सेटलमेंट केले गेले. असा क्लेम तक्त्यात ‘मिळाला’ म्हणून बंद होतो आणि ४,००० रुपये कायमचे विसरले जातात. त्यांच्यासाठी वेगळा रकाना ठेवावा आणि करारातील आक्षेपाची मुदत संपण्याआधी हरकत नोंदवावी.

आता हा तक्ता ईमेलने टीपीएचा नेटवर्क विभाग आणि विमा कंपनीचे प्रादेशिक कार्यालय अशा दोघांना पाठवून संयुक्त जुळवणीची बैठक मागावी. पंधरा दिवसांची मुदत द्यावी. बैठकीतून एकच गोष्ट मिळवायची असते: क्लेम क्रमांकनिहाय थकबाकीचे, त्यांच्या अधिकाऱ्याच्या सहीचे किंवा अधिकृत ईमेलवरून आलेले विवरण. तोंडी आश्वासने भरपूर मिळतात. आम्हाला पहिल्या बैठकीत ‘महिनाअखेर सगळे क्लिअर’ असे दोनदा ऐकायला मिळाले. त्यांच्यासमोरच बैठकीचा वृत्तांत ईमेल केला, आणि दुसऱ्या दिवशी ‘विवरण बरोबर आहे’ असे एका ओळीचे उत्तर आले. पुढे सर्वांत जास्त उपयोग त्या ओळीचाच झाला.

नोटीस

करारातील समाप्तीच्या कलमात चार गोष्टी पाहाव्यात: नोटिशीची मुदत किती, कारण द्यावे लागते का, नोटीस कोणत्या पत्त्यावर आणि कशी पाठवायची, आणि समाप्तीच्या वेळी दाखल असलेल्या रुग्णांचे काय. आमच्या करारात कोणत्याही पक्षाला कारण न देता ३० दिवसांच्या नोटिशीने बाहेर पडता येत होते. असा विनाकारण समाप्तीचा मार्ग असेल, तर तोच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. समोरच्याच्या करारभंगावर आधारलेली नोटीस दिली, की आधी तो भंग सिद्ध करण्याचा वाद सुरू होतो, आणि आपल्याला तर फक्त बाहेर पडायचे असते. मुदत संपत आलेला करार नूतनीकरण न करता संपू देणे हाही मार्ग आहे. मात्र आपोआप नूतनीकरणाचे कलम आहे का, ते आधी पाहावे.

करारात नोंदणीकृत टपालाचा उल्लेख असला, तरी ती सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. म्हणून पोचपावतीसह स्पीड पोस्ट आणि करारातील ईमेल अशा दोन्ही मार्गांनी नोटीस पाठवावी. मजकूर साधारण असा असावा:

‘अमुक तारखेच्या करारातील समाप्तीच्या कलमानुसार आम्ही ही ३० दिवसांची नोटीस देत आहोत. अमुक तारखेच्या मध्यरात्रीपासून आमचे रुग्णालय आपल्या कॅशलेस नेटवर्कचा भाग राहणार नाही. त्या वेळेपूर्वी दाखल झालेल्या रुग्णांना डिस्चार्जपर्यंत करारातील दरांनीच कॅशलेस सेवा दिली जाईल. सोबतच्या विवरणातील १६ क्लेमची ८,१०,००० रुपयांची रक्कम देय असून, या समाप्तीमुळे तीवरील आमचा हक्क बाधित होत नाही. समाप्तीच्या दिनांकापासून आपल्या व टीपीएच्या संकेतस्थळावरील रुग्णालयांच्या यादीतून आमचे नाव काढावे आणि तसे कळवावे.’

यात आरोप नाहीत, विशेषणे नाहीत. ‘थकबाकी न दिल्यास पॅनेल सोडू’ अशी सशर्त भाषाही नोटिशीत नको. ती आधीच्या स्मरणपत्रात शोभते. नोटिशीत आल्यास करार खरोखर संपला की नाही, असा वाद निर्माण होतो.

येथे एक गोष्ट सांगायला हवी. गावातील सगळ्या रुग्णालयांनी मिळून एखाद्या कंपनीवर बहिष्कार घालावा, असा विषय डॉक्टरांच्या बैठकीत हमखास निघतो. स्वतंत्र व्यावसायिकांनी संगनमताने सेवा रोखणे किंवा दर ठरवणे हे स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ च्या कक्षेत येऊ शकते. एकमेकांना अनुभव सांगावेत, नोटीस मात्र प्रत्येकाने आपल्या तक्त्यावरून आणि आपल्या निर्णयाने द्यावी.

नोटिशीचे तीस दिवस

या काळात करार जिवंत असतो, आणि सर्वांत मोठी चूक याच काळात होते. नोटीस गेली म्हणून काउंटरवरची माणसे दुसऱ्या दिवसापासूनच ‘कॅशलेस बंद आहे’ असे सांगू लागतात, किंवा मंजुरी असूनही रुग्णाकडून जास्तीची अनामत घेतात. तो आपला करारभंग ठरतो, रुग्ण तक्रार करतो आणि थकलेल्या पैशांच्या वादात समोरच्याला आयते हत्यार मिळते. आम्ही बिलिंग, रिसेप्शन आणि रात्रपाळीची नर्स अशा तिघांना एका कागदावर तारीख आणि दोन वाक्ये लिहून दिली, तेवढे पुरले.

ज्यांच्या नियोजित शस्त्रक्रियांच्या तारखा दिल्या आहेत, त्यांची यादी करावी. आमच्याकडे अशा नऊ जणांपैकी चौघांच्या तारखा समाप्तीनंतरच्या होत्या. त्यांना फोन करून दोन पर्याय दिले: तारीख अलीकडे घेणे, किंवा आधी बिल भरून नंतर परतावा घेणे. पूर्वमंजुरी हातात आहे म्हणून समाप्तीनंतर दाखल झाले तरी चालेल, असे गृहीत धरू नये. दाखल होण्याच्या दिवशी करार नसेल, तर ती मंजुरी लागू राहील का, हे टीपीएकडून लेखी घ्यावे. समाप्तीच्या रात्री दाखल असलेल्या प्रत्येक रुग्णाची यादी तर त्याच रात्री ईमेल करावी. आमच्या यादीत तीनच नावे होती, पण त्यांपैकी एकाचा डिस्चार्ज पाच दिवसांनी झाला आणि त्याची अंतिम मंजुरी त्या ईमेलच्या आधारावरच मिळाली.

बाहेरच्या फलकावर कंपनीने पैसे थकवल्याचे लिहू नये. ‘अमुक तारखेपासून या विमा कंपनीची कॅशलेस सुविधा येथे उपलब्ध नाही, परताव्यासाठी लागणारी सर्व कागदपत्रे दिली जातील’ एवढे पुरेसे असते.

त्यानंतर येणारे रुग्ण

संकेतस्थळावरील याद्या लगेच बदलत नाहीत. आमचे नाव सात आठवडे टीपीएच्या यादीत होते आणि ते पाहून रुग्ण येत होते. दर आठवड्याला त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ईमेलला जोडत राहावे. रुग्णाशी वाद झाल्यास आपण कळवले होते, हे दाखवता येते.

परताव्यावर आलेल्या रुग्णाला दाखल करतानाच खर्चाचा लेखी अंदाज द्यावा, आणि दर्शनी भागात लावलेल्या दरपत्रकाप्रमाणेच आकारणी करावी. जाताना त्याला तपशीलवार बिल, प्रत्येक रकमेची पावती, डिस्चार्ज कार्ड, मूळ अहवाल, इम्प्लांटचे स्टिकर व बीजक आणि रुग्णालयाच्या नोंदणी क्रमांकाची प्रत असा एकच संच द्यावा. आपण विमा कंपनीवर नाराज आहोत, याची किंमत त्याच्या परताव्याने मोजू नये. विमा क्षेत्रातील रुग्णालयाची ओळख असलेला रोहिणी क्रमांकही रद्द करू नये. तो एका कंपनीच्या करारापुरता नसतो.

जानेवारी २०२४ पासून ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ या उपक्रमात नेटवर्कबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेस मागता येते. नियोजित उपचारासाठी ४८ तास आधी आणि तातडीच्या वेळी दाखल झाल्यापासून ४८ तासांत रुग्णाने कळवायचे असते. त्यामुळे सोडलेल्या कंपनीचीच विनंती एखाद्या रुग्णापुरती परत दारात येऊ शकते. ती स्वीकारायची की नाही, हे आधीच ठरवून ठेवावे. स्वीकारल्यास त्या पत्रात जुन्याच करारातील दर आणि सवलत घातली आहे का, ते सही करण्याआधी वाचावे.

उरलेले पैसे

नोटीस मिळाल्यावर ४० दिवसांत आमच्या ८,१०,००० पैकी ५,९०,००० रुपये आले. उरलेल्यांसाठी वकिलाची नोटीस द्यावी लागली. पैशांच्या दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असते आणि ती प्रत्येक क्लेमची वेगळी धावते. ती संपण्याआधी थकबाकीची सहीनिशी कबुली मिळाल्यास मुदत कायदा, १९६३ च्या कलम १८ प्रमाणे त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. जुळवणीच्या विवरणाचा आग्रह याचसाठी होता. करारात लवादाचे कलम असेल, तर थेट न्यायालयात जाता येत नाही. विमा लोकपालाकडे जाण्याचा सल्लाही अनेकजण देतात, पण ती व्यवस्था पॉलिसीधारकासाठी आहे, रुग्णालयाच्या थकबाकीसाठी नाही.

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु रुग्णालयांना एमएसएमईडी कायदा, २००६ चा विचार करता येतो. त्यात पैसे देण्याची कमाल मुदत ४५ दिवस आहे आणि त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. मात्र सेवा रुग्णाने घेतली, आम्ही ‘खरेदीदार’ नाही, असा युक्तिवाद विमा कंपनी करू शकते, आणि नोंदणीपूर्वीच्या बिलांना संरक्षण मिळवणे कठीण जाते. म्हणून वकिलाला करार दाखवूनच हा मार्ग घ्यावा. नोंदणी नसेल, तर ती इतर कंपन्यांच्या पुढच्या बिलांसाठी आजच करून घ्यावी.

तडजोडीचा धनादेश किंवा पत्र आले, तर ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द शोधावेत. आम्हाला १,७०,००० रुपयांचा असा प्रस्ताव आला होता. त्यात वादातील कपातीही कायमच्या मिटणार होत्या. आम्ही त्या कपातींची यादी वगळायला लावली आणि मगच सही केली.

दहा महिन्यांनी त्याच कंपनीचा नवा अधिकारी नव्या करारासाठी आला. आम्ही दराबद्दल काही बोललो नाही. दोन कलमे मात्र पुढे ठेवली: सर्व क्वेरी फाइल मिळाल्यापासून सात दिवसांत एकदाच विचारल्या जाव्यात, आणि १० टक्के सवलत फक्त ३० दिवसांत पैसे जमा झालेल्या क्लेमनाच लागू व्हावी, ३१ व्या दिवशी ती आपोआप रद्द व्हावी. पहिले कलम त्यांनी तेव्हाच मान्य केले. दुसरे मुख्य कार्यालयाकडे पाठवतो म्हणाले, आणि ते उत्तर येईपर्यंत करार आमच्या कपाटात सहीविना आहे.